दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही?



7 सप्टेंबर 2025 ला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण झालं. त्या आठवड्यात पावसमधल्या एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब लवकर आटपला आणि विषय ग्रहणावर गेला. मी लगेच वहीचं पान फाडून चित्र काढलं. शाळेत शिकलो ना, तेच. डावीकडे मोठा सूर्य, मधे पृथ्वी, उजवीकडे चंद्र, आणि पृथ्वीच्या मागे निमुळती काळी सावली. "चंद्र या सावलीत शिरला की चंद्रग्रहण," असं सांगून मी मोकळी झाले.

गटातल्या एक वयस्कर काकी चष्मा लावून बराच वेळ चित्र बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, पौर्णिमेला चंद्र नेहमी असाच सूर्याच्या समोर येतो ना? मग या तुझ्या चित्रात दर पौर्णिमेला ग्रहण लागायला हवं. कोजागरीला का नाही लागत?"

मला उत्तर देता आलं नाही. "पुढच्या बैठकीत सांगते" म्हटलं. घरी जाऊन वाचलं, गणितं केली, आणि लक्षात आलं की काकींचा प्रश्न बरोबर होता, माझं चित्रच चुकीचं होतं. पुस्तकातलं चित्र एका पानावर मावावं म्हणून चंद्र पृथ्वीच्या अगदी कुशीत काढलेला असतो. सावली त्याच्यापुढे एवढी मोठी दिसते की तो चुकून बाहेर राहीलच कसा, असं वाटतं. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही कागद बाजूला ठेवला आणि हे चित्र खळ्यात, खऱ्या मापाने मांडलं. तेच तुम्हाला सांगते. तुमच्याही गटात करता येईल.

त्याआधी सावलीबद्दल एक गोष्ट. संध्याकाळी घरात ट्यूबलाईट लावा आणि पोळपाट जमिनीपासून चार बोटं वर धरा. सावली काळी आणि काठाला स्पष्ट दिसेल. आता पोळपाट हळूहळू वर न्या. मधला काळा भाग बारीक होत जातो आणि त्याच्या भोवती फिकट सावलीची किनार वाढत जाते. ही किनार का येते? समजा जमिनीवर एक मुंगी चालते आहे. ती मधल्या काळ्या भागात असेल आणि तिने वर पाहिलं, तर पोळपाटामुळे तिला ट्यूब अजिबात दिसणार नाही. ती फिकट किनारीत आली, की ट्यूबचा थोडा तुकडा पोळपाटाच्या कडेने दिसायला लागेल. म्हणजे काळ्या भागात दिवा पूर्ण झाकलेला, फिकट भागात अर्धामुर्धा झाकलेला. काळ्या भागाला प्रच्छाया म्हणतात, फिकट भागाला उपच्छाया. सूर्य हा काही टिंब नाही, ट्यूबसारखाच रुंद दिवा आहे, म्हणून पृथ्वीच्या आणि चंद्राच्या सावलीलाही हे दोन भाग असतात. पुढे सगळं या दोन शब्दांवर चालतं.

आता खळ्यात या. एक सोललेला नारळ घ्या, साधारण बारा सेंटीमीटर रुंद. ही आपली पृथ्वी. चंद्र तिच्या पाव भागाहून थोडा जास्त रुंद, म्हणून सव्वातीन सेंटीमीटरचं लहान लिंबू घ्या. (रातांब्याचे दिवस असतील तर रातांबा उत्तम, ग्रहणात चंद्राचा रंगही तसाच होतो.) आता लिंबू नारळापासून किती लांब ठेवायचं? आमच्या बैठकीत कोणी वीतभर म्हणालं, कोणी हातभर. खरं उत्तर साडेतीन मीटरच्या थोडं पुढे, जवळजवळ बारा फूट. नारळ ओटीवर ठेवला तर लिंबू पार तुळशीजवळ गेलं! सूर्य तर खळ्यात मावतच नाही. या मापात तो तेरा मीटर रुंद, म्हणजे चारमजली इमारतीएवढा, आणि जवळपास दीड किलोमीटर लांब.

नारळाच्या मागे सूर्याविरुद्ध बाजूला जी प्रच्छाया पडते ती लांब शंकूसारखी निमुळती होत जाते, तेरा मीटरवर तिचं टोक. लिंबू जिथे आहे तिथे, बारा फुटांवर, ती साधारण पावणेनऊ सेंटीमीटर रुंद उरते. म्हणजे मधल्या आकाराच्या वाटीच्या तोंडाएवढी. तिच्या भोवतीची उपच्छाया धरली तर सगळं मिळून पंधरा-सोळा सेंटीमीटर, जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. आम्ही तुळशीजवळ पुठ्ठा उभा केला आणि त्यावर खडूने ही दोन वर्तुळं काढली, आत वाटी, बाहेर छोटी ताटली. बारा फुटांवरून लिंबू आलं तर त्याला या वाटीत शिरायचं आहे. हे बघितल्यावरच ग्रहण किती नेमकं जुळून यावं लागतं ते आम्हाला कळलं.

आता काकींच्या प्रश्नाचं उत्तर. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो ती वाट आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाट एका पातळीत नाहीत. चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. पाच अंश म्हणजे किती, असं वाटेल. पण बारा फूट लांबीवर पाच अंश म्हणजे एक फूट! म्हणजे लिंबू नारळाभोवती फिरताना अर्ध्या फेरीत रेषेच्या वर चढतं, जास्तीत जास्त फूटभर, आणि अर्ध्या फेरीत तेवढंच खाली उतरतं. सावलीची वाटी मात्र रेषेवरच, मधोमध, जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटरची. बहुतेक पौर्णिमांना चंद्र त्या वाटीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. आपल्याला तो पूर्ण गोल, पांढराशुभ्र दिसतो आणि सावली जवळूनच गेली याचा पत्ताही लागत नाही.

चंद्राची तिरकी वाट दोन जागी पृथ्वीच्या पातळीला छेदते. एका जागी चंद्र खालून वर जातो, दुसऱ्या जागी वरून खाली येतो. या दोन जागांची नावं तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, राहू आणि केतू. खरंच. पंचांगात राहू-केतूचं जे स्थान दिलेलं असतं ते कुठल्या दिसणाऱ्या गोळ्याचं नसतं, या दोन छेदबिंदूंचंच असतं. म्हणून आकाशात दुर्बिणीतूनही राहू सापडत नाही आणि तरी ग्रहणाचं गणित त्याच्याशिवाय होत नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या राहू-केतूजवळ घडली तरच ग्रहण. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांना जागा बरोबर ठाऊक होती, असं माझं मत झालं आहे. गिळणाऱ्या तोंडाचं तेवढं सोडून द्या.

सप्टेंबरपासूनच्या पौर्णिमा आपण लिंबाच्या मापात मोजून बघू. 7 सप्टेंबरला चंद्र राहूच्या अगदी जवळ होता. सावलीच्या मध्यापासून फक्त दीड-पावणेदोन सेंटीमीटर खालून गेला, म्हणजे पूर्ण वाटीच्या आत. खग्रास. त्यानंतर महिनाभरात सूर्य आकाशात जवळजवळ तीस अंश पुढे सरकतो, त्याच्याबरोबर त्याच्या समोरची सावलीही सरकते, पण राहू जवळपास तिथेच असतो (उलट थोडा मागेच येतो). म्हणून कोजागरीच्या पौर्णिमेला सावलीपाशी येईपर्यंत चंद्र राहूच्या बराच पुढे, चढणीला लागलेला होता आणि वाटीच्या मध्यापासून चौदाएक सेंटीमीटर वरून गेला. त्रिपुरी पौर्णिमेला साधारण पंचवीस सेंटीमीटर वरून. दत्तजयंतीला तीस, म्हणजे तो फूट पुरा झाला. तिथून उतरण लागते. पौष पौर्णिमेला परत पंचवीसच्या आसपास, माघी पौर्णिमेला चौदाच्या जवळ, आणि फाल्गुन पौर्णिमेला, होळीच्या वेळी, केतूजवळ येऊन परत वाटीत.

म्हणजे ग्रहणाचे दिवस वर्षातून दोनदा येतात, सहा महिन्यांना थोडे कमी अशा अंतराने, आणि प्रत्येक वेळी साधारण महिनाभर टिकतात. त्या महिनाभरात एक अमावास्या आणि एक पौर्णिमा सापडतेच, म्हणून ग्रहणं बहुतेक जोडीने येतात. सप्टेंबरच्या चंद्रग्रहणानंतर चौदा दिवसांनी, सर्वपित्री अमावास्येला 21 सप्टेंबरला खंडग्रास सूर्यग्रहण झालं होतं. ते न्यूझीलंड, अंटार्क्टिकाकडे दिसलं, आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याकडे त्याची फारशी चर्चाच झाली नाही.

आता 7 सप्टेंबरच्या रात्रीच्या वेळा बघू, कारण पंचांगातले शब्द आणि आपली वाटी-ताटली कशी जुळते ते त्यात छान दिसतं. रात्री 8 वाजून 58 मिनिटांनी चंद्र बाहेरच्या ताटलीत, म्हणजे उपच्छायेत शिरला. मी मुद्दाम अंगणात उभी होते, मधे मधे ढग येत होते, पण ढग नसतानाही मला काही फरक दिसला नाही. उपच्छायेत चंद्रावर सूर्याचा बराचसा उजेड पडतच असतो, मुंगीला ट्यूबचा तुकडा दिसतो तसा. पंचांगही या वेळेला ग्रहण धरत नाही. एखाद्या पौर्णिमेला चंद्र नुसता ताटलीतून जाऊन वाटी चुकवतो, त्याला छायाकल्प चंद्रग्रहण म्हणतात आणि ते कोणी पाळतही नाही.

9 वाजून 57 मिनिटांनी चंद्राची कड वाटीला लागली. हा स्पर्श. मग कोणीतरी चावा घेतल्यासारखी कड काळी होत गेली. 11 वाजून 1 मिनिटाने तो पूर्ण आत गेला, ते संमीलन. चंद्राला आपल्या एका रुंदीएवढं पुढे सरकायला साधारण तासभर लागतो, म्हणून आत शिरायला एक तास आणि चार मिनिटं लागली. 11 वाजून 42 मिनिटांनी ग्रहणमध्य. रात्री 12 वाजून 23 मिनिटांनी दुसरी कड बाहेर यायला लागली, ते उन्मीलन, आणि 1 वाजून 26 मिनिटांनी तो वाटीतून पूर्ण सुटला, तो मोक्ष. स्पर्शापासून मोक्षापर्यंत साडेतीन तास. मधली 82 मिनिटं तो पूर्ण प्रच्छायेत होता आणि तरी दिसत होता, तांबूस, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून थोडा प्रकाश सावलीत जातो. हवेतून लांबून आलेल्या प्रकाशातला निळा भाग वाटेतच विखुरतो, तांबडा उरतो. मावळतीला समुद्रावर आपण रोज बघतो तोच तांबडा.

सूर्यग्रहणात नारळ आणि लिंबाची अदलाबदल होते. अमावास्येला लिंबू सूर्य आणि नारळ यांच्या मधे येतं आणि लिंबाची सावली नारळावर पडते. लिंबाची प्रच्छाया साधारण साडेतीन मीटर लांब, आणि नारळ तेवढ्याच अंतरावर. म्हणजे सावलीचं टोक नारळाला जेमतेम टेकतं, कधी कधी टेकतही नाही. टेकलं तर नारळावर मोहरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका पडतो. त्या ठिपक्याखाली असतील त्यांना खग्रास. भोवतीची उपच्छाया मात्र नारळाच्या साधारण निम्म्या रुंदीएवढी पसरते, तिथल्यांना खंडग्रास. टोक नारळाआधीच संपलं तर चंद्र सूर्यापेक्षा लहान दिसतो आणि भोवती बांगडी उरते, ते कंकणाकृती.

26 डिसेंबर 2019 ची सकाळ आठवते? त्या दिवशी केरळात कासरगोडच्या बाजूला बांगडी दिसली आणि आपण रत्नागिरीकर उपच्छायेत होतो. तीन चतुर्थांशाहून जास्त सूर्य झाकला गेला तरी दिवस दिवसच राहिला, ऊन फक्त मळकं झालं.

मोहरीच्या दाण्याखाली सापडणं फार दुर्मीळ. पण आपल्या किनाऱ्यावर ते घडलेलं आहे. 22 जानेवारी 1898 ला चंद्राची प्रच्छाया अरबी समुद्रावरून येऊन विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि ईशान्येकडे देशावर गेली. विजयदुर्ग तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता. नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ आपली माणसं आणि दुर्बिणी घेऊन किल्ल्यावर तळ देऊन बसले होते. पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. एवढा खटाटोप कशासाठी? सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी. दाणा दोन मिनिटांत पुढे निघून गेला. चंद्रग्रहण साडेतीन तास चालतं आणि चंद्र ज्यांच्या डोक्यावर आहे त्या सगळ्यांना एकाच वेळी दिसतं, कारण तिथे सावली मोठी आणि तिच्यात शिरणारा चंद्र लहान. सूर्यग्रहणात उलट. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी चंद्रग्रहणं पुष्कळ पाहिलेली असतात, खग्रास सूर्यग्रहण मात्र बहुतेकांनी एकही नाही.

आता ज्या कारणाने मी हा लेख लिहायला बसले ते सांगते. त्या रात्री आपल्या एका गटातली सातव्या महिन्यातली ताई दुपारपासून पाण्याचा थेंब न घेता आतल्या खोलीत बसून होती. खिडकीला चादर लावलेली, हालायचं नाही, विळी-सुरीला हात लावायचा नाही. मध्यरात्रीनंतर तिला घेरी आली आणि पोट कडक व्हायला लागलं. पाणी, साखर देऊन तासाभराने बरं वाटलं, पण सगळ्यांची झोप उडाली. घरच्यांनी हे तिच्या काळजीपोटीच केलं होतं. बाळावर ग्रहणाची सावली पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण ती सावली कुठली, ते आता आपण नारळावर बघू शकतो. चंद्रग्रहणातली सावली नारळाचीच असते, म्हणजे पृथ्वीची. ती बारा फुटांवरच्या लिंबावर पडते. आणि त्याच सावलीची सुरुवात कुठे होते? नारळाच्या पाठीपासून. नारळाच्या त्या पाठीवर जे कोणी राहतं ते सगळे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत पृथ्वीच्या सावलीतच असतात. त्यालाच आपण रात्र म्हणतो. ती ताई नऊ महिने दर रात्री त्याच सावलीत झोपते. ग्रहणाच्या रात्री तिच्यापर्यंत नवीन काहीच येत नाही, उलट चांदणं तेवढं कमी होतं. बाळाला त्रास होतो तो आईच्या पोटात बारा तास अन्नपाणी गेलं नाही तर. सासूबाई वेध पाळा म्हणाल्या आणि मोडता येत नसतील, तर त्यांना हेही दाखवा की अनेक पंचांगांमध्येच लहान मुलं, म्हातारी, आजारी माणसं आणि गरोदर बायकांसाठी वेधात सूट लिहिलेली असते. पाणी, औषधाची गोळी आणि दर दोन-तीन तासांनी थोडं खाणं, एवढं चुकवू नका.

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं तरी काही होत नाही, तो मंद झालेला चंद्रच आहे. सूर्यग्रहणाचं तसं नाही. खंडग्रासात उरलेली कोरसुद्धा डोळ्याचा पडदा भाजते आणि भाजताना दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्याच्या घमेल्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही वापरू नका. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्मा नसेल तर सूर्याकडे पाठ करून चाळणीची सावली जमिनीवर पाडा. भोकं बारीक असली की प्रत्येक भोकातून एक छोटी सूर्याची कोर उमटते. आंब्याच्या झाडाखालीही तशाच कोरी पडतात.

3 मार्च 2026 च्या होळीच्या पौर्णिमेचं चंद्रग्रहणही खग्रासच. पण चंद्र वाटीत शिरण्याची वेळ दुपारी 3 वाजून 20 मिनिटं, तेव्हा आपल्याकडे सूर्य डोक्यावर आणि चंद्र क्षितिजाखाली. मोक्ष संध्याकाळी 6 वाजून 47 मिनिटांनी, आणि पावसला चंद्र उगवतो त्याच सुमाराला. पूर्वेला डोंगर आहेत, तेव्हा आपल्या वाट्याला काही येण्यासारखं नाही. 2 ऑगस्ट 2027 ला, दीप अमावास्येला, दुपारी उशिरा खंडग्रास सूर्यग्रहण आपल्याकडून दिसेल, पाऊस उघडला तर. मोहरीचा दाणा त्या दिवशी इजिप्तवरून जाणार आहे. खळ्यात बसून निवांत बघण्यासारखं खग्रास चंद्रग्रहण 31 डिसेंबर 2028 च्या रात्री आहे, थंडीत, ढग नसताना. काकींनी त्या तारखेवर आत्ताच खूण करून ठेवली आहे. कॅलेंडर अजून छापलेलं नाही, म्हणून गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत शेवटच्या पानावर.